को जागर्ति? बाळाच्या पहिल्या फोटोखालच्या चार ओळी

प्रश्न: आमची मुलगी दहा दिवसांची झाली. पहिलंच बाळ. बायको सातारला माहेरी आहे. मी आणि आई पुण्यात, नोकरीमुळे मी शनिवार-रविवारीच जातो. परवा बारसं आहे, त्यानंतर मुलीचा पहिला फोटो इन्स्टाग्रामवर आणि घरच्या ग्रुपवर टाकायचाय. मी लिहिलं होतं: ‘देवाच्या कृपेने आमच्या आयुष्यात एका छोट्याशा परीचं आगमन झालं आहे. सर्वांच्या आशीर्वादाबद्दल मनःपूर्वक आभार. झोपेला मात्र कायमची तिलांजली!’ बायको म्हणाली, ‘तुझी कुठली झोप उडाली?’ आईला शेवटची ओळ आवडली नाही. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. आभार मानायचेत आणि थोडी गंमतही हवी. काय लिहू? (एक बाबा, पुणे)

उत्तर: तिघींचंही बरोबर आहे. जी गप्प बसली तिचं जरा जास्तच. एकेकीचं बघू.

पत्नीपासून सुरुवात करू. जागरणाचा विनोद वाचणारा आधी एवढंच बघतो की जागलं कोण. दहा दिवसांचं बाळ दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा दूध पितं, म्हणजे साधारण दर दोन-तीन तासांनी. हे अंतर एकदा पाजायला घेतल्यापासून पुढच्या वेळी पाजायला घेईपर्यंतचं असतं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पुन्हा निजवणं यात पाऊण तास सहज जातो. म्हणजे आईच्या वाट्याला सलग झोप येते ती सव्वा ते सव्वादोन तासांची, आणि तीही पडल्या पडल्या डोळा लागला तर. अशा रात्रींबद्दल पुण्यात आठ तास झोपलेल्या माणसाने ‘झोपेला तिलांजली’ असं लिहिलं, तर गंमत त्याच्या नावावर जमा होते आणि कष्ट दुसरीच्या खात्यात राहतात. सातारच्या घरातल्या सगळ्यांना हे दिसणार आहे.

यावर उपाय म्हणून विनोद काढून टाकायची गरज नाही. तो कुणावर आहे तेवढं बदला. जागरणाच्या गमतीत हसायला तीनच माणसं मिळतात: बाळ, आई आणि बाबा. बाळावर हसता येतं, पण ते त्रास देतंय असा सूर लागला की आज्या लगेच सावध होतात. आईवर हसू नका. टाके, अंगदुखी आणि अर्धवट झोप घेऊन बसलेल्या बाईचे विस्कटलेले केस किंवा डोळ्यांखालची वर्तुळं हा दुसऱ्याने विनोद करण्याचा विषय नाही. ती स्वतः करत असेल तर तो तिचा हक्क. उरले बाबा, आणि तुमच्या बाबतीत बाबा आयतेच सापडले आहेत. घरातल्या सगळ्या जागरणात आठवड्यातले पाच दिवस निवांत झोपणारा माणूस तुम्हीच आहात. ‘माझी झोप उडाली’ हे खोटं आहे आणि दहा हजार बापांनी लिहून झालंय. ‘मी झोपतो’ हे खरं आहे, आणि ते कबूल करण्यातच गंमत आहे.

आता तुमच्या आईंची हरकत. तिलांजली म्हणजे तीळ आणि पाणी ओंजळीने सोडणं, तर्पणातला विधी. रोजच्या बोलण्यात आपण तो शब्द ‘सोडून दिलं’ एवढ्याच अर्थाने वापरतो, पण ज्यांनी घरात श्राद्ध-पक्ष केलेत त्यांना बाळाच्या फोटोखाली तो खटकणारच. मराठीत झोप जाण्याबद्दल बोलायला लागलं की असे शब्द आपोआप तोंडात येतात: झोपेचं श्राद्ध घातलं, झोपेचा बळी गेला, झोप मेली. मित्रांच्या गप्पांत चालतं. बारशाच्या दिवशी, नव्या जिवाच्या बातमीत नको. ‘कायमची’ हा शब्दही काढाच. तान्ह्या बाळाला दिवस-रात्रीचा फरक कळू लागायला साधारण दोन-तीन महिने लागतात, त्यानंतर रात्रीची झोप हळूहळू लांबते. कायमचं असं त्यात काही नाही.

जागरणाचे शुभ शब्दही आपल्याकडे भरपूर आहेत, मात्र कॅप्शन लिहिताना ते कुणाला आठवत नाहीत. खंडोबाचं जागरण आहे. अनेक घरांत लग्नानंतर जागरण-गोंधळ घालतात, रात्रभर चालतो. तुमच्याकडे तसा कुलाचार असेल तर ‘लग्नानंतरचा जागरण-गोंधळ एका रात्रीचा होता. हा रोजचा आहे’ एवढ्या दोन वाक्यांत काम होतं, आणि आईही हसतील, कारण शब्द देवाघरचा आहे. मुलगा असो की मुलगी, हा विनोद दोघांनाही चालतो.

दुसरी सटवाई. पाचव्या-सहाव्या रात्री ती येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते असं मानतात, आणि पुष्कळ घरांत त्या रात्री कोरा कागद आणि लेखणीही ठेवतात. ‘सटवाईने कपाळी काय लिहिलंय ते माहीत नाही, पण पहिली पाळी रात्रपाळीच दिसतेय.’ या सगळ्यात चपखल विनोद हाच आहे, आणि तरीही तो जाहीर टाकू नका असं आम्ही म्हणू. सटवाईची पूजा होते तशी तिची भीतीही असते, आणि काही आज्या तिचं नाव थट्टेत घेऊ देत नाहीत. घरच्या ग्रुपवर, तोही सासूबाईंना आधी विचारून.

तिसरी कोजागरी, आणि तुमच्यासाठी हीच. आश्विन पौर्णिमेच्या मध्यरात्री लक्ष्मी ‘को जागर्ति?’, कोण जागं आहे, असं विचारत फिरते आणि जो जागा असेल त्याच्यावर प्रसन्न होते. आपण गच्चीवर आटवलेलं दूध पीत तिची वाट बघतो. मुलगी झाली की आपल्याकडे ‘लक्ष्मी आली’ म्हणतातच. म्हणजे घरी आलेली लक्ष्मी रोज रात्री उठून कोण जागं आहे ते बघते, आणि घरात दूधही आहे. कथेतले तीनही भाग, लक्ष्मी, मध्यरात्रीचा प्रश्न आणि दूध, तान्ह्या मुलीच्या रात्रीवर जसेच्या तसे बसतात. शिवाय या कथेत जागणं म्हणजे तक्रार नसते. जागा असतो त्यालाच लक्ष्मी भेटते, त्यामुळे कृतज्ञता वेगळी आणून चिकटवावी लागत नाही. आणि तुमचं पहिलंच बाळ आहे. घरातल्या पहिल्या अपत्याचं औक्षण कोजागरीलाच करतात, आश्विनी म्हणतात त्याला. म्हणजे येत्या कोजागरीला याच कॅप्शनचा दुसरा भाग लिहिता येईल.

‘लक्ष्मी आली’ हे सगळेच लिहितात, खरं आहे. नुसतं लिहिलं तर ते तुमच्या ‘परी’इतकंच गुळगुळीत वाटतं. पुढच्या ओळीत ती लक्ष्मी प्रश्न विचारू लागली की मग त्या शब्दाला काम मिळतं. परीला असं कुठलंच काम नाही, म्हणून ती गेली तरी चालेल.

आता सासूबाई. तुमचा मजकूर त्यांच्या नजरेने वाचा. देव आहे, परी आहे, ‘सर्व’ आहेत. रात्री दोनला उठून दुपटी बदलणारी, सकाळी बाळंतिणीच्या अंघोळीचं पाणी तापवणारी, शेकशेगडी बघणारी बाई त्यात कुठे नाही. ‘सर्वांचे आभार’ म्हणजे लग्नपत्रिकेवरच्या ‘समस्त आप्तेष्ट’सारखं: कुणाला वगळलं असं वाटू नये म्हणून लिहायचं, आणि वाचताना कुणाला स्वतःचं नाव सापडत नाही.

शिवाय घरातल्या माणसाला मराठीत ‘आभार’ म्हटलं की आपण लांब उभे राहून बोलतोय असं वाटतं. बायकोचे मनःपूर्वक आभार हे सत्कार समारंभात शोभतं. आपल्याकडे जवळच्या माणसाबद्दलची कृतज्ञता त्याने काय केलं ते सांगून व्यक्त होते. ‘तू होतीस म्हणून निभावलं’ असं आपण म्हणतो, ‘धन्यवाद’ म्हणत नाही. तेव्हा कॅप्शनमधून आभार हा शब्द काढा आणि त्याजागी एक क्रिया लिहा: कोण उठलं, कोण जागलं. एकाच कृतीबद्दल लिहा. दोघी-तिघींची प्रत्येकी चार कामं लिहायला गेलात की ती यादी होते, आणि यादीत गंमत टिकत नाही.

आता प्रत्यक्ष लिहू. कोजागरीची कल्पना पहिल्या झपाट्यात कागदावर उतरली की साधारण अशी दिसते:

‘आमच्या घरी लक्ष्मी आली आहे आणि कोजागरीला जशी लक्ष्मी को जागर्ति म्हणजे कोण जागं आहे असं विचारते तसं ती रोज रात्री दोन वाजता उठून विचारत असते आणि तिची आई आणि आजी जाग्या असतात आणि मी मात्र फक्त शनिवार-रविवारीच जागा असतो. दोघींचे खूप खूप आभार.’

माल सगळा आहे, पण बांधणी सैल. ‘म्हणजे कोण जागं आहे’ असं समजावलं की विनोद तिथेच बसतो. कोजागरी हा शब्द आला की अर्थ कळतोच, ज्याला कळत नाही तो शेजारच्याला विचारेल. दुसरी अडचण मराठी वाक्याची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसू येणारा शब्द आधी येऊन जातो आणि वर ‘असतो’, ‘आहे’, ‘असते’ यांचं झाकण बसतं. ‘मी मात्र फक्त शनिवार-रविवारीच जागा असतो’ हे वाचताना हसायची जागा ‘शनिवार-रविवार’ ही आहे, आणि त्यानंतर आणखी दोन शब्द वाचावे लागतात. उपाय सोपा आहे. ते वाक्य हजेरीपटासारखं लिहा, म्हणजे क्रियापद लागतच नाही आणि ओळ नेमक्या शब्दावर थांबते: ‘बाबा शनिवार-रविवार.’

मग दुसरा खर्डा असा होतो:

‘लक्ष्मी आली.
कोजागरी वर्षातून एकदाच असते, असा समज होता. ही रोज रात्री विचारते, “को जागर्ति?”
हजेरी: आई रोज, आजी रोज, बाबा शनिवार-रविवार.
दूध मात्र ती एकटीच पिते.’

हा बराच सुटसुटीत, तरी चार गोष्टी चुकतात. दुधाची ओळ शेवटी गेल्यामुळे हजेरीच्या विनोदावर दुसरा विनोद चढतो आणि दोन्ही पडतात. दूध कोजागरीचं आहे, त्याला कोजागरीच्या शेजारीच ठेवा. दुसरं, ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’ हे कुठेच नाही. आपल्याकडे जन्माची बातमी वाचणारा आधी हे दोन शब्द शोधतो, आणि ते सापडल्याशिवाय वडीलधारे हसायला तयार होत नाहीत. तिसरं, गंमत आली पण कृतज्ञता अजून दाराबाहेरच आहे. हजेरी लावली म्हणजे जागणारीची दखल घेतली असं होत नाही.

चौथी चूक घरात ठिणगी पाडणारी आहे. ‘आजी’ म्हणजे कुठली? पुण्यात बसलेल्या तुमच्या आई हीच ओळ वाचणार आहेत आणि त्याही आजीच आहेत. नातीच्या पहिल्या फोटोखाली त्यांना स्वतःची जागा दिसली नाही, तर पुढची कोजागरी तुम्हाला जड जाईल. दोन्ही आज्यांना गावावरून वेगळं करा. तुमच्या आई रोज फोन करून चौकशी करत असतील, आणि बहुधा करतच असतील, तर त्यांची हजेरी फोनवर लावा. खरं असेल तरच, कारण बाकीचं सगळं खरं आहे म्हणूनच ते हसवतं.

हे सगळं धरून:

‘आमच्याकडे लक्ष्मी आली. बाळ-बाळंतीण सुखरूप.
कोजागरी वर्षातून एकदाच असते, असा समज होता. ही रोज रात्री विचारते, “को जागर्ति?” दूधही एकटीच पिते.
हजेरी: आई रोज. सातारची आजी रोज. पुण्याची आजी फोनवर. बाबा शनिवार-रविवार.
सोमवार ते शुक्रवार मी निर्धास्त झोपतो, ते या जाग्या असतात म्हणून.’

शेवटच्या ओळीत आभार हा शब्द नाही, तरी सातारला पोचायचं ते पोचतं. ती ओळ गंभीर आहे आणि गंभीरच राहू द्या. तिच्यापुढे हसरा चेहरा, हात जोडलेलं चित्र किंवा उद्गारचिन्ह लावलं की ती पुन्हा विनोद होते. चित्रं लावायचीच असतील तर ‘को जागर्ति?’च्या पुढे एक चंद्र, बस. ‘या जाग्या’मध्ये तिघीही येतात, पुण्याच्या आजीसुद्धा. मोघम आहे, आणि इथे मोघमच बरं.

ओळींचा क्रम मात्र बदलू नका. इन्स्टाग्रामवर कॅप्शनला 2,200 चिन्हांपर्यंत जागा असली, तरी फोटोखाली सुरुवातीचा थोडाच भाग दिसतो. पुढचं वाचायला दाबावं लागतं, आणि पुष्कळ लोक दाबत नाहीत. मराठीत काना, मात्रा, वेलांटी यांचीही स्वतंत्र चिन्हं धरली जातात, त्यामुळे आपली जागा दिसते त्याहून लवकर भरते. न दाबणाऱ्यालाही बातमी आणि सुखरूप असल्याचं कळलं पाहिजे, म्हणून ते सगळ्यात वर. विनोद वर घेतला आणि ‘सुखरूप’ आत दडलं, तर तुमच्या आत्या फोन करून विचारतील की सगळं ठीक आहे ना. आणि तुमच्या मूळ मजकुरात वर देवाची कृपा आणि परी होती, त्यामुळे पुढे वाचण्यासारखं काही असेल असं कुणाला वाटलंच नसतं.

फोटो आणि मजकूर एकमेकांशी बोलले पाहिजेत. रडणाऱ्या बाळाच्या फोटोखाली जागरणाचं लिहिलं तर तेच दोनदा सांगितल्यासारखं होतं, वर तक्रारीचा सूर लागतो. या मजकुराला गाढ झोपलेल्या बाळाचा फोटो लागतो. सकाळी अंघोळ झाल्यावर, दुपट्यात गुंडाळून शांत पडलेली, तीट लावलेली. तेच बाळ रात्री दोनला सगळ्यांची हजेरी घेतं हे वाचलं की गंमत दुप्पट होते. आणि तेही खरंच आहे. या वयाची बाळं चोवीसातले 14 ते 17 तास झोपतात, मात्र तुकड्या-तुकड्यांत आणि रात्र-दिवस न बघता. त्यामुळे ‘ती झोपतच नाही’ असं कधी लिहू नका. कुणी अनुभवी बाई लगेच म्हणेल, झोपते की, तुम्ही झोपत नाही. याचाही एक विनोद होतो, हवा तर ठेवून द्या: ‘ती दिवसाचे सोळा तास झोपते. उरलेले आठ नेमके रात्रीचे.’ कोजागरीच्या कॅप्शनमध्ये मात्र तो घुसवू नका. एका फोटोला एक विनोद पुरतो.

एक फोटो टाळा, तो म्हणजे सोफ्यावर बाबा झोपलेले आणि छातीवर बाळ झोपलेलं. जागरणाच्या गमतीसाठी लोकांना हा फार आवडतो. सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत मोठ्या माणसाने बाळाला घेऊन झोपणं खरोखर धोक्याचं आहे, बाळ फटीत घसरून किंवा अंगाखाली येऊन गुदमरू शकतं. झोपेचं नाटक करून काढलेला असला तरी बघणाऱ्याला ते ठीकच वाटतं.

फोटो टाकण्याआधी तो मोठा करून कोपऱ्यांत काय आलंय ते बघा. दवाखान्यातला असेल तर बाळाच्या मनगटावर किंवा पायात पट्टी असते, तिच्यावर आईचं नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख असते. मागे फाइल किंवा खाटेवरचं कार्ड असतं. हे कापून टाका. मजकुरातही मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, वेळ आणि दवाखान्याचं नाव अशी चौकडी एकत्र देऊ नका. जन्मदाखल्यावरची निम्मी माहिती एका फोटोखाली मांडून ठेवायचं काही कारण नाही. वेळ आणि ठिकाण पत्रिका मांडणाऱ्या काकांना फोनवर सांगा. बारसं होऊन गेलेलं असेल, तर नुसतं पहिलं नाव पहिल्या ओळीत घालता येईल: ‘आमच्याकडे लक्ष्मी आली’नंतर ‘नाव अमुक’. कॅप्शनमधून नाव कळण्याआधी ते पाळण्याशी, आत्याच्या तोंडून जाहीर झालेलं असावं एवढं बघा.

घरच्या ग्रुपवर हाच मजकूर जसाच्या तसा टाकू नका. तिथे लोकांना वजन हवं असतं, मुलगी कुणासारखी दिसते ते हवं असतं, आणि नॉर्मल की सिझर हेही हवं असतं. यातलं शेवटचं सांगायचं की नाही ते पत्नीने ठरवायचं, तुम्ही नाही. ग्रुपसाठी पहिल्या ओळीनंतर वजनाची ओळ घाला, मग कोजागरी आणि हजेरी. शेवटची ओळ दोन्हीकडे ठेवा. ग्रुपवरचा फोटो पुढे जातो तेव्हा कधी मजकूर सोबत जातो, कधी सुटून जातो. म्हणून फोटो एकटा गेला तरी चालेल असाच निवडा, आणि मजकूर लांबच्या माणसाने वाचला तरी गैरसमज होऊ नये. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर 15 मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, इन्स्टाग्रामवर नंतर कधीही. शुद्धलेखन मात्र आधीच बघा: ‘जागर्ति’मध्ये रफार ‘ति’वर आहे आणि वेलांटी ऱ्हस्व. फोनचा कळफलक ते ‘जागृती’ करून टाकतो, आणि मग लक्ष्मी भलतंच काही विचारतेय असं दिसतं.

टाकण्याआधी पत्नीला वाचून दाखवा, आणि रात्री दोनला नको, सकाळी बाळ झोपल्यावर. विशेषतः ‘दूधही एकटीच पिते’ ही ओळ. पहिल्या दहा दिवसांत पाजताना त्रास होत असेल, दूध पुरत नाही अशी काळजी असेल किंवा वरचं दूध द्यावं लागत असेल, तर तुमच्या लेखी निरागस असलेली ती ओळ तिला बोचेल. ती ‘काढ’ म्हणाली तर कारण न विचारता काढा. हजेरीचा विनोद तिच्यावाचूनही उभा राहतो.

आणि एक बाब तिला विचारताना तुमच्या लक्षात येऊ शकते, म्हणून सांगतो. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत उगीच रडू येणं, चिडचिड होणं पुष्कळ जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. ते ओसरत नसेल, किंवा बाळ झोपलेलं असताना, जवळ सांभाळायला माणूस असतानाही तिला झोप येत नसेल, सतत उदास वाटत असेल, तर जागरणाचं कॅप्शन बाजूला ठेवा आणि तिच्या डॉक्टरांशी बोला. मनात स्वतःचं किंवा बाळाचं बरंवाईट करण्याचा विचार येत असेल तर दोन आठवडे थांबूही नका, त्याच दिवशी जा. तशा वेळी फोटोखाली ‘आमच्याकडे लक्ष्मी आली’ एवढंच पुरेल. सुखरूप आहे असं वाटत नसताना ते लिहायची सक्ती नाही.

तसं काही नसेल आणि पत्नी हसली, तर पुढचा प्रश्न ती विचारेलच: शनिवार-रविवारी तरी तू खरंच उठतोस का? हजेरीत लिहिलंय म्हटल्यावर या शनिवारपासून रात्री दोनचं लंगोट तुमच्याकडे आलं. ढेकर काढणंही तुमच्याकडेच. बाळाला खांद्याशी उभं धरून पाठीवर हलक्या हाताने थोपटायचं, मान एका हाताने सांभाळायची, आणि खांद्यावर दुपटं आधीच टाकायचं.